इस्तंबूलच्या टॅक्सी पावतीत गर्दीचा दर कुठे असतो?

संध्याकाळी सात वाजता सुलतानअहमत भागातून तक्सिम चौकात जाणाऱ्या प्रवाशाला अ‍ॅपवर पावती येते. दुपारी याच रस्त्याला बरेच कमी पैसे पडले होते. मुंबई-पुण्यात ओला-उबरची सवय असलेला माणूस लगेच म्हणतो, ‘सर्ज लागला.’ मग तो पावतीत ती ओळ शोधतो आणि ती काही सापडत नाही. कारण पिवळ्या टॅक्सीसाठी तशी ओळच नसते.

यामागे कायदेशीर वाद आहे. टॅक्सीचालकांच्या विरोधानंतर ऑक्टोबर 2019 मध्ये न्यायालयाने तुर्कस्तानात उबरवर बंदी घातली. 2021 च्या सुरुवातीला उबर परतली ती परवानाधारक टॅक्सी बोलावण्याचे साधन म्हणून. बीताक्सी हे तिथले अ‍ॅपही टॅक्सीच बोलावते. या टॅक्सींचे भाडे UKOME ही महापालिकेची वाहतूक समन्वय संस्था ठरवते आणि ते मीटरवर उमटते. मागणी वाढली म्हणून मीटरला दीडपट-दुपटीचा गुणक लावता येत नाही. रात्रीचाही वेगळा दर नाही. ‘रात्र झाली, दुप्पट द्या’ असे चालक म्हणाला तर ते मान्य करू नये.

तरीही संध्याकाळचे भाडे वाढते, कारण मीटर वेळही मोजतो. गाडी ठरावीक वेगाच्या वर असताना तो अंतराचे पैसे घेतो आणि त्याखाली आली की वेळेचे. दोन्ही एकाच क्षणी चालत नाहीत.

हिशेब करून पाहू. 2025 च्या सुरुवातीला पिवळ्या टॅक्सीचा दर असा होता: Açılış म्हणजे मीटर पडण्याचे 42 लिरा आणि पुढे किलोमीटरला 28 लिरा. (त्यानंतर दर वाढले आहेत, पण मोजण्याची रीत तीच आहे.) थांबण्याचा दर हिशेबापुरता मिनिटाला 6 लिरा धरू, म्हणजे तासाला 360. 360 ला 28 ने भागले की साधारण 13 येतात. ताशी 13 किलोमीटरच्या खाली गाडी आली की मीटर वेळेवर जातो. पाच किलोमीटरचा मोकळा रस्ता असेल तर 42 अधिक 140, म्हणजे 182 लिरा. आता त्यातला एक किलोमीटर पूल आणि सिग्नलच्या कोंडीत अडकला आणि तेवढ्यालाच पंधरा मिनिटे लागली असे समजू. उरलेल्या चार किलोमीटरचे 112, कोंडीच्या पंधरा मिनिटांचे 90 आणि सुरुवातीचे 42 मिळून 244 लिरा होतात. भाडे तिसऱ्या हिश्श्याने वाढले, पण ते गर्दी असल्याने कुणी दर वाढवला म्हणून नव्हे. गाडी हलत नव्हती म्हणून.

म्हणून पावतीवर अंतर आणि Süre, म्हणजे लागलेला वेळ, एकत्र वाचावेत. अंतर नेहमीइतके आणि वेळ खूप जास्त असेल तर वाढ कोंडीची आहे. वेळ नेहमीइतका पण अंतर वाढलेले असेल, तर नकाशावरची रेघ तपासावी. गाडी लांबून फिरवली गेलेली असू शकते. दोन्ही नेहमीसारखे असूनही रक्कम मोठी असेल तर टॅक्सीचा रंग बघा. फिरोजी टॅक्सीचा दर पिवळीपेक्षा सुमारे 15 टक्के आणि काळीचा सुमारे 70 टक्के जास्त असतो. बुकिंग करताना चुकून काळी निवडली गेली तर पावती हुबेहूब सर्जसारखी दिसते.

छोट्या फेरीचीही एक गंमत आहे. दोन किलोमीटरचा हिशेब 98 लिरा होतो, पण त्या वेळी किमान भाडे 135 होते. याला तिथे indi-bindi, म्हणजे चढ-उतार, म्हणतात. हा फरक थांबण्याचा किंवा दंडाचा नाही. पूल किंवा बोगद्याचा टोल मात्र मीटरच्या वर येतो.

आकडे वाचताना एक सावधगिरी हवी. तुर्की पद्धतीत दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब असते. Toplam समोर ‘1.250,00’ दिसले तर ते साडेबाराशे लिरा आहेत, सव्वा लिरा नव्हेत.

रद्द केल्याचे शुल्क, iptal ücreti, ओळखायला सोपे असते: पावतीवर अंतर नसते, फक्त एक रक्कम असते. सवलतीची मुदत आणि रक्कम अ‍ॅपनुसार वेगळी असते, म्हणून बुक करतानाच ती पाहून घ्यावी. वाद होतो तो थांबण्यावरून. चालक आल्यावर प्रवाशाची वाट पाहतो तो वेळ एक, आणि प्रवासातल्या कोंडीचा वेळ वेगळा. चालकाने दुसऱ्याच कोपऱ्यावर गाडी उभी करून ‘पोहोचलो’ असे दाबले आणि प्रवासी दिसत नाही म्हणून फेरी रद्द झाली, तरी शुल्क लागू शकते. अशा वेळी प्रवाशाच्या हातात पुरावा लागतो: नकाशावरचे दोघांचे ठिकाण, चॅटमधले संदेश, वेळ आणि 34 T ने सुरू होणारी टॅक्सीची नंबरप्लेट. त्यांचे स्क्रीनशॉट जागेवरच काढून, त्या फेरीच्या नोंदीतूनच तक्रार करावी.