नग किती, हे बीएलवर लिहिलंय का?

न्हावा-शेवाहून निघालेल्या कंटेनरमधली औषधं वाटेत जहाजावर पाणी लागून वाया गेली आणि चूक शिपिंग लाइनची निघाली, तर भरपाई किती मिळेल? मालाच्या किमतीएवढी, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे ‘बीएल’वर, नगांचा आकडा कसा लिहिलाय यावर बरंच अवलंबून असतं.

बीएल ही माल मिळाल्याची पावती असते, कराराचा पुरावाही असतो. १९२४च्या हेग नियमांनी वाहकाच्या जबाबदारीला वरची मर्यादा घातली. पुढे १९६८ आणि १९७९च्या दुरुस्त्यांनंतर ती झाली दर नगाला ६६६.६७ एसडीआर किंवा खराब मालाच्या दर किलोला २ एसडीआर; यांतली जास्त असेल ती. भारतातही हेच आकडे चालतात. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. आपण ते १२० रुपयांचं धरू.

समजा, औषधांची ४०० खोकी आहेत, वजन ८ टन, किंमत २ कोटी रुपये आणि सगळा माल गेला. बीएलवर नुसतंच ‘एक कंटेनर औषधं’ असेल, तर कायद्याच्या लेखी नग एकच. मग वजनाचा हिशेब लागतो : १६,००० एसडीआर, म्हणजे १९ लाख २० हजार रुपये. तेच ‘एक कंटेनर, आत ४०० खोकी’ असं असेल, तर मर्यादा जाते ३ कोटी २० लाखांवर, आणि २ कोटींचं नुकसान पूर्ण भरून निघू शकतं. द्राक्षांसारख्या जड, किलोमागे स्वस्त मालाला हा फरक फारसा जाणवत नाही. हलक्या, महाग मालाला तो बुडवतो.

आकडा असला तरी तो कशाचा आहे, हेही बघावं लागतं. ऑस्ट्रेलियातून ग्रीसला गेलेल्या एका कंटेनरच्या बीएलवर २,००,९४५ पोस्टर्स-चित्रं लिहिली होती. त्यांची बंडलं किती, ते नव्हतं. २००४ साली तिथल्या फेडरल कोर्टाने अख्खा कंटेनर एकच नग धरला. उलट कंटेनरमध्ये सुट्ट्या भरलेल्या गोठवलेल्या ट्यूनाचा प्रत्येक तुकडा वेगळा नग, असं लंडनच्या अपील कोर्टाने २०१८ साली ठरवलं. माझ्या मते दुसरा निकाल अधिक व्यवहारी आहे, पण निर्यातदाराने कोर्टाच्या मर्जीवर का राहावं?

कप्तानाच्या नौकानयनातल्या चुकीने नुकसान झालं, तर याच नियमांनुसार वाहक मुळातच सुटतो. त्यासाठी विमा हवाच. बाकी, एजंटाकडून बीएलचा मसुदा आला की ‘ओके’ कळवण्याआधी नगांचा रकाना वाचा, आणि तिथे नुसता कंटेनर दिसला तर खोक्यांचा आकडा घालून घ्या.