सोनं टिकलं, घड्याळ नाही

२०१५ मध्ये ॲपलने आपलं पहिलं स्मार्टवॉच १८ कॅरेट सोन्यातही आणलं. किंमत १० हजार डॉलरपासून पुढे. २०१८ मध्ये वॉचओएस ५ आली, आणि पहिल्या पिढीची सगळी घड्याळं, सोन्याची धरून, नव्या प्रणालीतून वगळली गेली. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू हे प्लॅस्टिकचं घड्याळ मात्र १९८९ पासून जवळपास तसंच विकलं जातंय. त्याचा बटणाएवढा सेल सुमारे सात वर्षं चालतो.

सात वर्षं कशी? कारण त्याला वेळ दाखवण्यापलीकडे फारसं कामच नाही. स्मार्टवॉच मनगटावर हिरवा प्रकाश टाकून नाडी मोजतं, उपग्रहांचे संदेश पकडतं, फोनशी बोलत राहतं. म्हणून ॲपलच्या सिरीज ८ ला कंपनी १८ तास देते. झोप मोजायची तर ते रात्रीही हातात हवं, मग चार्जिंगला अंघोळीची आणि नाश्त्याची वेळच उरते.

लांब पळणाऱ्यांची अडचण वेगळी. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स शर्यत जवळपास ९० किलोमीटरची. पूर्ण करायला १२ तास मिळतात. गार्मिनचं फोररनर ५५ जीपीएस चालू ठेवून २० तासांपर्यंत चालतं, असं कंपनी सांगते. बॅटरी झिजून ८० टक्क्यांवर आली, तर उरले १६. तरीही शर्यत निभते. पण १२-१३ तासांचंच घड्याळ घेतलं असेल, तर बॅटरी एवढी झिजल्यावर शेवटच्या चढावर पडदा काळा होणार. खरेदी करताना नव्या बॅटरीचा आकडा न बघता झिजलेल्या बॅटरीचा हिशोब करावा, तो असा.

टिकाऊपणात जुन्या घड्याळाचं पारडं जड आहे, पण सरसकट नाही. किकुओ इबे यांनी १९८३ मध्ये घडवलेलं जी-शॉक १० मीटरवरून पडूनही चालावं, याच हट्टातून जन्मलं. साधं काट्यांचं घड्याळ तेवढं सोसत नाही. सेल बदलताना मागच्या झाकणाची रबरी रिंग नीट बसली नाही, की पुढच्याच पावसात काचेखाली वाफ धरते. ती दिसली की घड्याळ लगेच उघडून सुकवून घ्यावं, नाहीतर आत गंज चढतो. स्मार्टवॉचची जलरोधकताही कायमची नसते. साबण, गरम पाणी आणि आपटणं यांनी ती कमी होते. त्यात पडदा चिकटवलेला, त्यामुळे बॅटरी बदलणं कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याचं काम राहत नाही.

म्हणून पैशांचा हिशोबही वेगळा मांडावा लागतो. २० हजारांचं स्पोर्ट्स वॉच चार वर्षं चाललं, तर महिन्याला सुमारे ४१५ रुपये पडले. नाडी आणि वेग पाहून सराव बदलणाऱ्याला हे महाग नाही. पळण्याच्या बुटांसारखाच तो झिजणारा खर्च आहे. नुसती पावलं मोजायची असतील, तर ती खिशातला फोनही मोजतो. अशा माणसाने मनगटावर जी-शॉक बांधावं आणि उरलेल्या पैशांत चांगले बूट घ्यावेत.