बाराच्या ठोक्याला मध्यान्ह?

घड्याळात बारा वाजले की सूर्य माथ्यावर, असं आपण धरून चालतो. पुणे-सातारा रस्त्यावरच्या कामथडीत मात्र तसं होत नाही. आपली प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला रेखांशावरची आणि कामथडी साधारण ७३ अंश ५३ कलांवर. (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, शाळेच्या भूगोलात तिलाच मिनिट म्हणतात.) वजाबाकी करू. ३० मधून ५३ जात नाहीत, म्हणून एक अंश मोडायचा. पण हातचे दहा नव्हे, साठ मिळतात. नव्वदातून ५३ गेले, ३७ उरले. फरक ८ अंश ३७ कला. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणजे कामथडीची सरासरी मध्यान्ह बारा चौतीसच्या सुमारास. फेब्रुवारीत ती पाऊण वाजून जाते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबाराच्या आसपास येते. आणि सूर्य अगदी डोक्यावर? तो वर्षातून दोनदाच, मेच्या मध्याला आणि जुलैअखेरीस.

हे साठ आले तैग्रिस-युफ्रेटिसच्या खोऱ्यातून. पण तास, मिनिटं, सेकंद सगळं बाबिलोनवाल्यांनी आयतं दिलं, हे खरं नाही. दिवसाचे चोवीस भाग इजिप्तकडचे. बाबिलोनचे ज्योतिषी अहोरात्राचे १२ 'बेरू' करत आणि एका बेरूचे ३० 'उश'. म्हणजे दिवसाचे ३६० उश, आणि एक उश बरोबर चार मिनिटांचा. वरच्या हिशेबातले चार ते हेच! घड्याळाला मिनिटकाटा सर्रास लागला तो थेट सतराव्या शतकात, लंबक आल्यावर.

घटिका म्हणजे तासाचंच जुनं नाव, हाही एक गैरसमज. पंचांगात साठ होतात ते अख्ख्या दिवसाचे: ६० घटिका, घटिकेची ६० पळं. म्हणून घटिका २४ मिनिटांची आणि पळ २४ सेकंदांचं. लग्नघरी घंगाळातल्या पाण्यावर बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी सोडत; ती भरून बुडाली की घटिका झाली. छिद्रात कचरा अडकला तर वाटी उशिरा बुडणार आणि मुहूर्तही सरकणार.

आजचा घोटाळा मोबाइलवर होतो. नकाशा कामथडीचा अक्षांश १८.२५ च्या आसपास दाखवतो आणि माणूस तो १८ अंश २५ कला असा वाचतो. पाव अंश म्हणजे १५ कला. उत्तर-दक्षिण एक कला सुमारे १.८५ किलोमीटरची, म्हणजे दहा कलांची चूक साडेअठरा किलोमीटरची; कामथडीऐवजी गाडी कात्रज घाटापाशी. ओळखायची खूण रेखांशात सापडते. तिथे दिसतं ७३.८८, आणि कला कधी ८८ असूच शकत नाहीत. साठ झाल्या की पुढचा अंश लागतो. तेव्हा दशांशाला साठानं गुणायचं, ५३ कला मिळतात.