पाटी कोरीच मागा

ओळखीतल्या एका काकूंचा फराळाचा घरगुती धंदा आहे. त्यांच्यासाठी मी एआयकडून आठ सेकंदांची जाहिरात करून घेतली. पणत्या झकास, कढईतली चकली तर खावीशी वाटणारी. मागच्या पाटीवर मात्र ‘दिवाळी फराळ मिळेल’च्या जागी शिरोरेषेला लटकलेली कसलीतरी वेटोळी होती, आणि कॅमेरा सरकला की तीही बदलत. काकू म्हणाल्या, ‘‘हे कानडी आहे का रे?’’

बिचाऱ्या कानडीचा यात काही दोष नाही. व्हिडिओ बनवणारं मॉडेल अक्षरं टाइप करत नाही, पाहिलेल्या अक्षरांसारखे दिसणारे आकार रंगवतं. पणतीची ज्योत थोडी इकडेतिकडे झाली तर कुणाच्या लक्षात येत नाही, पण ‘मिळेल’मधली मात्रा सरकली की शब्दच मोडतो. शिवाय मॉडेल बहुधा चित्राच्या आक्रसलेल्या रूपावर काम करतं, त्यामुळे बारीक रेघा आधी हरवतात. आठ सेकंदांत, सेकंदाला २४ या हिशेबाने, १९२ फ्रेम होतात. त्या सगळ्यांत तेच अक्षर तसंच टिकायला हवं. इंग्रजी ठळक शब्द हल्ली पुष्कळदा जमतात. देवनागरीचा भरवसा मी तरी धरत नाही. लोगोचीही तीच गत: काकूंच्या चकलीचे वेढे दर वेळी वेगळे.

म्हणून दुसऱ्यांदा मी पाटी कोरीच मागितली: ‘भिंतीवर कोरी लाकडी पाटी, कॅमेरा स्थिर, कुठेही अक्षरं नकोत.’ कॅमेरा स्थिर असला की निम्मं काम वाचतं. तो हलणारच असेल, तर एडिटिंगमध्ये पाटीचे चार कोपरे ट्रॅक करून मजकूर त्यांना बांधावा लागतो.

मजकूर एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्येच टाइप करायला गेलो, तर तिथेही ‘मिळेल’ची वेलांटी ‘म’च्या पलीकडे जाऊन बसली. काही सॉफ्टवेअरना देवनागरीची जुळणी करता येत नाही. मग ओळ दुसरीकडे युनिकोड फॉन्टमध्ये लिहून पारदर्शक PNG केली आणि वरच्या थरावर ठेवली. लोगोही मूळ फाइलमधूनच घेतला. व्हिडिओचा आकार वाढवायचा असेल तर तो आधी वाढवावा, अक्षरं नंतर बसवावीत. नाहीतर तीही चित्राबरोबर फुगून धूसर होतात.

एवढ्यावर पाटी खरी दिसेना. अक्षरं स्टिकरसारखी वर तरंगत होती. पांढरा रंग किंचित पिवळट केला, कडा मागच्या भिंतीइतक्याच मऊ केल्या, तेव्हा ती लाकडावर टेकली. एक चूक राहिलीच होती: पाचव्या सेकंदाला काकूंसारखी दिसणारी बाई पाटीसमोरून हात नेते, आणि ‘फराळ’ तिच्या हातावर उमटत होतं. तेवढ्या फ्रेममध्ये हाताभोवती मास्क काढून अक्षरं हाताच्या मागे ढकलली. अर्धा तास त्यातच गेला.

रात्री काकूंचा फोन: ‘‘चकलीचा भाव वाढवलाय, शेवटच्या पट्टीत बदलशील?’’ पट्टी वेगळ्या थरावर होती. आकडा बदलला आणि पाच मिनिटांत व्हिडिओ परत पाठवला.