नुसतं ‘बोलायचंय’ लिहू नका

‘आज रात्री बोलायचंय.’ नवऱ्याचा किंवा बायकोचा एवढाच मेसेज दुपारी मोबाइलवर आला, तर संध्याकाळपर्यंत कामात लक्ष लागत नाही. पैशांचं काही असेल? कुणाचं आजारपण? की कुणी काही कानावर घातलं? मेसेज पाठवणाऱ्याचा हेतू बहुधा चांगलाच असतो. गंभीर विषय दारातच अंगावर टाकायचा नाही, आधी कल्पना द्यायची. पण इथे वेळ कळते आणि विषय कळत नाही. मग वाचणारा आपल्यावरचे संभाव्य आरोप स्वतःच रचतो आणि त्यांची उत्तरंही तयार ठेवतो. घरी पोचेपर्यंत तो भांडायच्या तयारीत असतो.

काहीही कल्पना न देता विषय काढला, तर आणखी वेगळी अडचण होते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी अनेक वर्षं जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवून त्यांचे वाद चित्रित केले. सिबिल कॅरेर यांच्यासोबतचा त्यांचा एक अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 124 नवविवाहित जोडपी होती. प्रत्येक जोडप्याने मतभेदाच्या एका विषयावर 15 मिनिटं बोलायचं होतं. पुढे सहा वर्षांत कुणाचा संसार मोडला हे पाहिल्यावर लक्षात आलं, की टिकलेल्या आणि मोडलेल्या जोडप्यांमधला फरक पहिल्या तीन मिनिटांतच दिसत होता. मोडलेल्यांची सुरुवातच कडवट होती. सुरुवात गोड केली की संसार टिकतोच, असं यावरून सिद्ध होत नाही. मुळातच बिनसलेल्या नात्यात सुरुवातही कडवट होणार. तरीही वाद ज्या सुरात सुरू होतो त्याच सुरात पुढे जातो, याकडे हा अभ्यास लक्ष वेधतो. आधी पाठवलेला मेसेज तो सूर ठरवतो. चर्चेचं पहिलं वाक्य म्हणजे तो मेसेजच.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नाशिकचं एक नोकरदार जोडपं घरासाठी कर्ज काढायच्या तयारीत आहे. सकाळी टपालात बँकेचं पत्र येतं: नवऱ्याच्या थोरल्या भावाचे दुकानाच्या कर्जाचे दोन हप्ते थकले आहेत आणि आठ लाखांच्या त्या कर्जाला नवरा जामीनदार आहे. बायकोला यातलं काहीच माहीत नव्हतं. राग येणं साहजिक आहे आणि विषयही खरोखर गंभीर आहे. मूळ कर्जदाराने पैसे भरले नाहीत, तर बँक जामीनदाराकडे वसुलीला येऊ शकते. शिवाय नवं कर्ज देतानाही ही जबाबदारी विचारात घेऊ शकते.

तिच्या हातून पहिल्या झटक्यात टाइप होतं: ‘बँकेचं पत्र आलंय. तुझ्या घरच्यांसाठी तू नेहमी असंच लपवून करतोस. रात्री ये, मग बघते.’ यात विषय आहे, पण सोबत निकालही लागलेला आहे. ‘नेहमी’ या शब्दाने एका घटनेचं रूपांतर स्वभावावरच्या आरोपात झालं. ‘तुझ्या घरच्यांसाठी’ म्हटल्यावर तो आता भावाची बाजू घेणार. उरलेली लढाई दुपारभर व्हॉट्सअ‍ॅपवरच चालेल.

ती हे पुसते आणि अर्ध्या तासाने लिहिते:

‘अरे, दादांच्या कर्जाला तू जामीन आहेस, हे आज बँकेच्या पत्रावरून कळलं. मला आधी माहीत नव्हतं, म्हणून धक्का बसलाय आणि घराच्या कर्जाचीही काळजी वाटतेय. फोनवर नको, नीट बोलू. आज साडेनऊला, पिंकी झोपल्यावर, तासभर चालेल का? आज नको असेल तर उद्या संध्याकाळची वेळ सांग. आज लगेच काही ठरवायचं नाहीये, फक्त सगळं समजून घ्यायचंय.’

या मेसेजमध्ये विषय एका वाक्यात सांगितला आहे, त्यामुळे त्याला अंदाज बांधत बसावं लागत नाही. राग दडपलेला नाही, पण तो ‘मला धक्का बसलाय’ असा सांगितला आहे. ‘तू फसवलंस’ असा नाही. वेळ ठरावीक आहे आणि ती बदलायची मुभाही आहे. चर्चा संपणार कधी, हेही त्याला कळलं. शेवटच्या वाक्यामुळे मोठी भीती उतरते: आज रात्री आपल्याकडून काही कबूल करून घेतलं जाणार नाही. पत्राचे तपशील, जुन्या घटना, सासूबाईंचं बोलणं यातलं काहीही मेसेजमध्ये आलेलं नाही. मेसेज एवढ्यावर थांबला नाही, तर चर्चा तिथेच सुरू होते.

त्याचं उत्तर ‘आत्ताच सांग, काय झालंय?’ असं येऊ शकतं. तेव्हा पुन्हा सगळं लिहीत न बसता, ‘जे लिहिलंय तेवढंच आहे, आणखी काही लपवलेलं नाही’ असं सांगावं. नुसता अंगठा आला तर तो होकार समजावा, पण वेळ एकदा विचारून पक्की करावी. ‘आज नको’ म्हणायचा हक्क त्यालाही आहे. मात्र जो पुढे ढकलेल त्यानेच नवी वेळ द्यायची, असा नियम हवा. एक जण पाठपुरावा करतो आणि दुसरा टाळत राहतो, हे चक्र वैवाहिक समुपदेशकांच्या चांगलंच ओळखीचं आहे. वेळच न देता ‘नंतर बोलू’ म्हटलं की ते फिरू लागतं.

मेसेज आणि चर्चा यांत शक्यतो काही तासांचं, फार तर दीड दिवसाचं अंतर असावं. सोमवारी कळवून रविवारी बोलायचं म्हटलं तर आठवडा धुमसण्यात जातो. परीक्षा, मुलाखत किंवा रात्रपाळीच्या तोंडावर असा मेसेज पाठवूच नये. आणि जागा? दोन खोल्यांच्या घरात सासू-सासरे शेजारी टीव्ही पाहत असतील, तर दोघंही दबक्या आवाजात भांडतील किंवा बोलणारच नाहीत. गच्चीवर किंवा जेवणानंतर फिरायला जाताना हे बोलणं अधिक सोपं जातं.

साडेनऊला बसल्यावरही आवाज चढू शकतो. गॉटमन यांच्या मांडणीनुसार हृदयाचे ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेले की माणूस ऐकण्याच्या अवस्थेत राहत नाही आणि शरीर शांत व्हायला निदान वीस मिनिटं लागतात. तेव्हा ‘दहा वाजता परत बसू’ असं सांगून उठावं. तोही छोटासा वेळ ठरवणारा निरोपच आहे.

काही गोष्टींसाठी मात्र वेळ ठरवत बसू नये. अपघात, मृत्यू, गंभीर आजाराचा रिपोर्ट हे थेट आणि लगेच सांगायचं असतं. आणि जोडीदार हात उगारत असेल, धमक्या देत असेल, तर ‘मला वेगळं होण्याबद्दल बोलायचंय’ अशी आगाऊ सूचना देणं धोक्याचं ठरू शकतं. तिथे आधी सुरक्षित जागा आणि विश्वासाचं माणूस शोधावं. महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे. समोरच्याला बेसावध न गाठण्याचा शिष्टाचार दोघंही एकमेकांसमोर निर्भय असतील, तिथेच लागू होतो.

नाशिकच्या त्या जोडप्याचा प्रश्न तासाभरात सुटणार नाही. थकलेले हप्ते भावाने भरायचे की यांनी, घराचं कर्ज पुढे ढकलायचं का, हे ठरायला भावालाही बोलवावं लागेल. पण त्या रात्री जामीन कधी दिला, किती रक्कम बाकी आहे आणि आधी का सांगितलं नाही, एवढं तरी तो सांगू शकतो. कारण दुपारपासून त्याला ठाऊक आहे की विचारलं जाणार आहे ते हेच.