तारखेच्या आधीच केटरर 'जमणार नाही' म्हणाला तर?

ऑर्डर देणारा असो की घेणारा, दोघांनाही पडणारा एक प्रश्न आज बघू. कामाची तारीख अजून लांब आहे, आणि समोरचा आजच 'जमणार नाही' म्हणतो. मग करार आज मोडला, की तारीख उलटल्यावर मोडणार?

कॉलेजच्या दोन मित्रांचं बोलणं ऐकू. नावं आणि आकडे उदाहरणापुरते. संदीपच्या बहिणीचं लग्न १२ डिसेंबरला सांगलीत आहे. मीनल वकिली करते. आज ४ डिसेंबर.

संदीप: काल केटररचा मेसेज आला गं. 'त्या दिवशी मोठी ऑर्डर मिळाली, तुमचं काम करणार नाही.' ४०० प्लेट, ४५० रुपये दर, म्हणजे १ लाख ८० हजार. त्यातले ६० हजार अ‍ॅडव्हान्स देऊन बसलोय. पण लग्न १२ ला आहे ना, मग आजच करार मोडला असं म्हणता येतं?

मीनल: येतं. काम करायची वेळ येण्याआधीच कुणी सगळ्या कामाला साफ नकार दिला, तर त्याला 'अ‍ॅन्टिसिपेटरी ब्रीच' म्हणतात, म्हणजे मुदतीआधीचा करारभंग. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३९ प्रमाणे तू करार आजच संपवू शकतोस. १२ तारखेची वाट बघायची गरज नाही.

संदीप: परवा तर तो फक्त 'माणसं कमी आहेत, बघतो' म्हणाला होता.

मीनल: तो नकार नव्हता, अडचण सांगणं होतं. तेवढ्यावर तू करार मोडला असतास, तर उलट तूच अडचणीत आला असतास. अशा वेळी लेखी विचारायचं: 'तुम्ही १२ ला काम करणार आहात का? उद्या संध्याकाळपर्यंत स्पष्ट कळवा.' कालचा मेसेज मात्र स्पष्ट आहे.

संदीप: बाबा म्हणतात, थांबू, त्याची समजूत काढू.

मीनल: थांबता येतं. पण 'ठीक आहे, बघा जमतंय का' असं तू कळवलंस, तर करार चालू राहतो, आणि तो दोघांसाठी चालू राहतो. उद्या त्याचं मन बदललं आणि तो यायला तयार झाला, तर तुला त्याच्याकडूनच काम घ्यावं लागेल. आणि समजा मधेच सरकारने समारंभांवर बंदी घातली, तर त्याची चूक नसताना काम अशक्य झालं म्हणून तो सुटेल. तुझा भरपाईचा दावाही जाईल.

संदीप: असं कधी झालंय?

मीनल: १८५५ चा इंग्लंडमधला एव्हरी विरुद्ध बाउडेन खटला बघ. ओडेसा बंदरात जहाज मालासाठी उभं होतं. 'माल मिळणार नाही, निघून जा' असं सांगूनही कप्तान थांबला. तेवढ्यात रशियाशी युद्ध सुरू झालं आणि माल भरणंच बेकायदा ठरलं. जहाजवाल्याचा दावा फेटाळला गेला.

संदीप: मग आज काय करू?

मीनल: आधी त्याच मेसेजवर लिही: 'तुमचा नकार आम्ही स्वीकारतो, करार संपवत आहोत. ६० हजार परत द्या आणि दुसरीकडे येणारा जादा खर्चही भरून द्या.' मग लगेच दुसरा केटरर बघ. दोन-तीन ठिकाणचे दर लेखी घे.

संदीप: एक जण ५६० रुपयांत तयार आहे. तोच मेनू.

मीनल: मग ४०० प्लेटचे २ लाख २४ हजार झाले. ठरल्यापेक्षा ४४ हजार जास्त. तेवढी भरपाई आणि ६० हजार अ‍ॅडव्हान्स, मिळून १ लाख ४ हजार मागायचे.

संदीप: आता वाढवतोच आहे तर चाट काउंटरही घेऊ का?

मीनल: घे, पण त्याचे पैसे तुझ्या खिशातून. कलम ७३ प्रमाणे नुकसान कमी ठेवण्याचे जे मार्ग हाताशी होते, तेही भरपाई ठरवताना बघितले जातात. ५६० मध्ये तोच मेनू मिळत असताना ७०० चा घेतलास, तर वरचा फरक मिळणार नाही.

संदीप: आणि त्याने दिलेच नाहीत तर?

मीनल: आधी नोटीस, मग जिल्हा ग्राहक आयोग. तू राहतोस तिथेही तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ऑर्डरचा कागद, अ‍ॅडव्हान्सची पावती, मेसेज आणि नव्या केटररचं बिल जपून ठेव.

आता केटररच्या बाजूने हाच हिशेब करा. मोठ्या ऑर्डरमध्ये ३० हजार जास्त सुटणार म्हणून जुनी सोडली आणि ४४ हजार भरून द्यावे लागले, तर १४ हजारांचा तोटाच झाला. खरंच दोन्ही कामं झेपत नसतील, तर नकाराचा मेसेज पाठवण्याआधी त्याच मेनूचा, त्याच दराचा दुसरा केटरर ग्राहकापुढे उभा करा. ग्राहकाने तो लेखी मान्य केला, तर हा वाद सहसा उभाच राहत नाही.