योसेफाचे रडणे आणि हक्कसोडपत्र

कुटुंबातल्या क्षमेवर उपदेश करायचा म्हटला की आमच्या मंडळ्यांमधून तीन शास्त्रपाठ आलटूनपालटून वाचले जातात. लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्र, मत्तयाच्या अठराव्यातला निर्दय चाकर आणि उत्पत्तीच्या शेवटच्या भागातला योसेफ. मी पाळक नाही. शाळेत शिकवत होतो आणि आता अहिल्यानगर जिल्ह्यातल्या लहान लहान मंडळ्यांत महिन्यातून एकदोन रविवार उपदेशाला उभा राहतो. हे तिन्ही पाठ मी अनेकदा घेतले आहेत. उधळ्या पुत्राची गोष्ट बाप आणि मुलगा यांच्यापाशी खिळते, थोरला भाऊ शेवटी अंगणातच उभा राहतो आणि तो आत गेला की नाही हे कळत नाही. भावाभावांचे, भावाबहिणीचे भांडण घेऊन बसलेल्या माणसाला योसेफाची गोष्ट अधिक उपयोगी पडते, कारण तिच्यात वर्षे जातात.

ती वर्षे मोजून घ्यावीत. उपदेशाच्या तयारीचे माझे पहिले काम तेच असते. भावांनी योसेफाला विकले तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि किंमत आली रुप्याची वीस नाणी. फारोपुढे उभा राहिला तेव्हा तीस वर्षांचा. मग सुकाळाची सात वर्षे, दुष्काळाची दोन. भावांना त्याने आपली ओळख दिली तेव्हा मधे सुमारे बावीस वर्षे लोटली होती. पुढे बाप याकोब मिसरात सतरा वर्षे जगला आणि त्याच्या मृत्यूनंतर भाऊ पुन्हा घाबरले, की आता हा सूड घेईल. म्हणजे गळ्यात पडून रडल्यानंतरही सतरा वर्षे त्यांच्या मनात भीती होतीच. हे आकडे फळ्यावर लिहिले की समोरच्या बाकांवर हालचाल होते. ज्याचे भांडण सहा वर्षांचे आहे त्याला पहिल्यांदाच वाटते की आपण काही जगावेगळे कठोर नाही.

चूक कुठे होते तेही सांगतो, कारण ती मी स्वतः केली आहे. उपदेशक घाईने पंचेचाळिसाव्या अध्यायावर येतो. योसेफ सगळ्यांना बाहेर काढतो, मोठ्याने रडतो, भावांना जवळ घेतो. प्रसंग हृदय हलवणारा आहे, ऐकणारेही डोळे पुसतात, आणि मग उपदेशक म्हणतो, तुम्हीही आज घरी जा आणि फोन करा. मधले तीन अध्याय, बेचाळीस ते चव्वेचाळीस, तसेच राहतात.

एका पावसाळ्यात मी हेच केले. पुढच्या रविवारी भक्ती संपल्यावर एक बाई थांबल्या. वडील वारले होते, वाटणीवरून थोरल्या भावाशी चार वर्षे बोलणे नव्हते. माझे ऐकून त्यांनी त्याच संध्याकाळी फोन केला होता. त्या म्हणाल्या, “गुरुजी, मी म्हटलं, दादा, झालं गेलं विसरू. तो म्हणाला, बरं झालं, मग उद्याच दुय्यम निबंधक कार्यालयात ये आणि हक्कसोडपत्रावर सही कर. आता मी काय करू? नाही म्हटलं तर माझी क्षमा खोटी.”

माझ्याकडे उत्तर नव्हते. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ख्रिस्ती बाप मृत्युपत्र न करता गेला तर मुलगा आणि मुलगी सारखे वारस असतात, एवढे मला ठाऊक होते. पण प्रश्न कायद्याचा नव्हता. मी वेदीवरून जे सांगितले त्यात क्षमा करणे आणि हक्क सोडणे ही एकच गोष्ट होऊन बसली होती.

घरी येऊन मी बेचाळिसावा अध्याय पुन्हा मोठ्याने वाचला. बेचाळीस ते पंचेचाळीस हे चार अध्याय सलग मोठ्याने वाचायला अर्धा तास पुरतो, आणि तयारी करणाऱ्याने तो अर्धा तास द्यावाच, कारण डोळ्यांनी वाचताना सुटते ते कानाला अडते. भाऊ धान्यासाठी येतात. योसेफ त्यांना ओळखतो, पण ओळख देत नाही. मधे दुभाष्या ठेवतो. आपली भाषा याला कळत नाही असे समजून भाऊ आपापसांत बोलतात की आपण त्याच्या जिवाचा आकांत पाहिला, तो विनवत होता आणि आपण ऐकले नाही. सदतिसाव्या अध्यायात, जिथे त्याला खड्ड्यात टाकून ते जेवायला बसतात, तिथे या विनवणीचा उल्लेखच नाही. ती पहिल्यांदा अपराध्यांच्या तोंडून बाहेर येते, बावीस वर्षांनी. ते ऐकून योसेफ बाजूला जाऊन रडतो, परत येतो आणि शिमोनाला त्यांच्यादेखत बांधतो.

रडणे आणि बांधणे एकाच वचनात आहे. मन विरघळले आहे, भरवसा अजून नाही. क्षमा आणि भरवसा यांच्यातला हा फरक ऐकणाऱ्याच्या पदरात पडला नाही, तर जो आधीच दुखावला आहे त्याच्याच डोक्यावर आपण आणखी एक ओझे ठेवतो.

मग योसेफ जे करतो त्याला पुष्कळजण सूड म्हणतात. मला ती पारख वाटते. चांदीचा प्याला धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत सापडतो आणि भावांपुढे जुनाच प्रसंग पुन्हा मांडला जातो: बापाच्या लाडक्या मुलाला परक्या देशात दास म्हणून सोडायचे आणि आपण सुखरूप घरी जायचे. पहिल्या वेळी विकण्याची कल्पना यहूदाची होती. या वेळी तोच यहूदा पुढे येतो आणि म्हणतो, मुलाच्या बदली मला ठेवून घ्या. बाराव्या शतकातला यहूदी पंडित मायमोनिडीझ खऱ्या पश्चात्तापाची खूण हीच सांगतो की तीच संधी पुन्हा आली आणि माणूस त्या वाटेने गेला नाही. यहूदाचे बोलणे संपते आणि योसेफाला आवरत नाही. पंचेचाळिसाव्या अध्यायातले अश्रू इथून येतात.

त्या अध्यायातले एक लहान वाक्य मी आता कधी सोडत नाही. मिठ्या मारून झाल्यावर भाऊ त्याच्याशी बोलू लागले, असे तिथे नोंदले आहे. आरंभी, सदतिसाव्यात, म्हटले होते की भावांना त्याच्याशी धड बोलवत नव्हते. कथा बोलणे तुटण्यापासून बोलणे सुरू होण्यापर्यंत जाते. ज्या घरात एकाच बांधावरची माणसे एकमेकांना मुलांकरवी निरोप पाठवतात, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

मत्तयाचा दाखला मी आता योसेफाच्या जोडीला वापरतो, पण एवढ्याच कारणासाठी: तिथला राजा आधी हिशेब मांडतो. दहा हजार तालांत, म्हणजे साधारण सहा कोटी दिवसांची मजुरी, हे कर्ज आकड्यात सांगितले जाते आणि मग सुटते. चाकराला दुसऱ्याकडून येणे असलेले शंभर दिनार, म्हणजे शंभरेक दिवसांची मजुरी, हेही आकड्यातच आहे आणि खेड्यातल्या माणसाला ती रक्कम काही किरकोळ नाही. क्षमेसाठी तिथे वापरलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ सोडून देणे, कर्ज सोडणे असाही होतो. सोडणे आले की मराठी माणसाला हक्कसोड आठवते, आणि त्या भावाने नेमका तोच सांधा पकडला होता. पण सोडतो तो ज्याचे येणे असते तो, आणि काय सोडतो हे त्याला ठाऊक असते. दुसऱ्याने मागून घेतलेली सही म्हणजे क्षमा नव्हे. योसेफाने भावांना धान्य दिले, गोशेन प्रांतात जागा मिळवून दिली, पण आपले पद सोडले नाही.

पुढच्या खेपेला मी उपदेशाचा शेवट बदलला. सर्वांना एकच काम देणे बंद केले. ऐकणाऱ्याला विचारले: तुम्ही कोणत्या अध्यायात आहात? बेचाळिसाव्यात असाल, म्हणजे समोरच्याचे मन कळलेले नाही, तर या आठवड्यात भेटू नका. कागदावर तीन ओळी लिहा, काय घडले, कधी घडले, माझे काय गेले. ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे शब्द त्यात नकोत. चव्वेचाळिसाव्यात असाल, म्हणजे चूक तुमची असेल, तर माफीचा शब्द मागाहून, आधी एक वस्तू परत करा किंवा एक काम करा, आणि शनिवारच्या आत. पन्नासाव्यात असाल, म्हणजे समेट झाला आहे पण धाकधूक आहे, तर स्वतःच्या तोंडाने बोला. भावांनी तिथे मेलेल्या बापाचे नाव पुढे करून निरोप पाठवला, आणि बाप असे बोलल्याचे त्याआधी कुठेच लिहिलेले नाही. योसेफ तो निरोप ऐकून रडला. आईच्या नावाने, मामाच्या मध्यस्थीने पाठवलेली माफी अशीच लागते.

पायरी कशी असावी याची परीक्षा सोपी आहे. ती समोरच्याच्या उत्तरावर अवलंबून नसावी, तिला वार असावा, आणि ती पूर्ण झाली की नाही हे तिसऱ्याला सांगता यावे. ‘मन मोठे करा’ यात यांपैकी काहीच बसत नाही.

एक मर्यादा मात्र उपदेशातच, मोठ्याने सांगावी लागते. योसेफ क्षमा करतो तेव्हा सत्ता त्याच्या हातात आहे, पहारेकरी त्याचे आहेत. घरात मार खाणाऱ्या बाईच्या हातात त्यातले काही नसते. तिला एकटीने जाऊन बोल असे सांगणे म्हणजे तिला पुन्हा खड्ड्यात उतरवणे. तिच्यासाठी त्या आठवड्याची पायरी म्हणजे सुरक्षित घर, सोबत आणि जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज. पवित्र शास्त्राचा आधार घेऊन तिला परत पाठवणारे उपदेश मी ऐकले आहेत, आणि त्यांचा मला आजही राग येतो.

त्या बाईंशी मी नंतर बसलो. आधी मी त्यांची माफी मागितली. मग त्यांनी तीन ओळी लिहिल्या. पहिल्याच ओळीवर त्या अडल्या, कारण जमिनीपेक्षा त्यांना लागले होते ते वेगळेच: वडिलांच्या दहाव्या दिवसाच्या प्रार्थनेला त्यांना निरोप आला नव्हता. चार वर्षे भांडण सातबाऱ्याचे आहे असे सगळेच समजत होते, त्यासुद्धा. दिवाळीची सुट्टी लागत होती आणि आमच्याकडच्या ख्रिस्ती लेकीही मुलांना घेऊन तेव्हाच माहेरी जातात. त्यांनी भावाला फोनवर एवढेच सांगितले: “दादा, मी गुरुवारी आईला भेटायला येतेय. कागदाचं बोलणं मी आत्ता करणार नाही, ते आपण धाकट्याला घेऊन तिघं बसून करू. आणि बाबांच्या प्रार्थनेला मला बोलावलं नाहीस, ते मला फार लागलं.”

गुरुवारी भाऊ शेतातून परतलाच नाही. त्या आईशी बोलून, मुलांना जेवू घालून निघून आल्या. नाताळात पुन्हा गेल्या तेव्हा तो ओट्यावर होता. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. फोन करायचा राहिला.” आणि आपल्या मुलीला हाक मारून म्हणाला, “आत्याला चहा ठेव.”

हक्कसोडपत्रावर सही झालेली नाही. वाटणीसाठी तिघे एकदा बसले, पुन्हा बसणार आहेत.